फोटोवरून खरं चामडं ओळखता येतं का? ६० पट्ट्यांचा सौदा अडलाय

पाचकंदील_धुळे
राम राम मंडळी. धुळ्यात माझं छोटं दुकान आहे, पाकिटं, पट्टे, पर्स असं. लग्नसराईसाठी कमरेचे ६० पट्टे घ्यायचे आहेत. परराज्यातला एक व्यापारी नग २६० रुपयांनी द्यायला तयार आहे. म्हणजे १५,६०० चा माल. निम्मे पैसे आधी मागतोय, आणि नमुना पाठवायला आठवडा लागेल म्हणतो. तोवर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत, ते खाली टाकतोय.

फोटो १ : तपकिरी पट्टा समोरून, वरचा खडबडीत पोत म्हणजे दाणा ठसठशीत दिसतोय.
फोटो २ : बक्कल आणि भोकांची बाजू.
फोटो ३ : पट्ट्याची मागची बाजू, त्यावर "जेन्युइन लेदर" असा सोनेरी ठसा.
फोटो ४ : पट्टा दुमडून धरलेला.

मागच्या वर्षी एका लॉटमध्ये फसलो. सहा महिन्यांत पापुद्रे निघाले, गिऱ्हाईक दुकानात येऊन ऐकवून गेलं. म्हणून या वेळी पैसे पाठवायच्या आधी विचारतोय. हातात वस्तू नाही, फक्त फोटो आहेत. यावरून किती कळू शकतं?

केळीवाला_रावेर
भाऊ, साधं आहे. काडी लावायची. केस जळाल्यासारखा वास आला तर चामडं, प्लास्टिकचा आला तर रेक्झिन. दुसरं, पाण्याचा थेंब टाकायचा, मुरला तर खरं.

पाचकंदील_धुळे
काका, फोटोला काडी कशी लावू? 😀

केळीवाला_रावेर
ते बी खरं शे. मग छिद्रं बघ. छिद्रं एकसारखी असली तर नकली, वेडीवाकडी असली तर अस्सल. फोटो १ मध्ये मला तरी वेडीवाकडी दिसतात. घेऊन टाक.

रापीवाला
घाई करू नका. मी बत्तीस वर्षं हे काम करतोय, आधी चपला, आता बॅगा आणि पट्ट्यांची दुरुस्ती.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जनावराच्या कातडीवरची छिद्रं म्हणजे केसांच्या जागा, आणि केस कधी पट्टीने आखल्यासारखे उगवत नाहीत. पण आता साचेसुद्धा खऱ्या कातडीचा छाप घेऊन बनवतात. त्यामुळे रेक्झिनवरही छिद्रं वेडीवाकडी येतात. वेडीवाकडी आहेत का, एवढंच बघून भागत नाही. कशी वेडीवाकडी आहेत ते बघावं लागतं.

खऱ्या कातडीत केस तिरका उगवतो, म्हणून छिद्र थोडं तिरकं आत जातं. बाजूने उजेड पडला की छिद्राच्या एका काठाला सावली आणि दुसरा काठ उजळ दिसतो. शेजारचं छिद्र कमी-जास्त खोल असतं. पाठीच्या भागातली छिद्रं दाट आणि घट्ट. पोटाकडे कातडी सैल असते, तिथे ती ओढल्यासारखी लांबट होतात. साच्यातली छिद्रं मात्र वाटीसारखी असतात. खोली सगळ्यांची सारखी, तळ गोल, आणि तळालाही पृष्ठभागासारखीच चकाकी, कारण वरचा रंगाचा थर तिथपर्यंत अखंड गेलेला असतो.

जनावरागणिकही फरक आहे. बकरीच्या कातडीत छिद्रं लहान-मोठी, नागमोडी ओळींत घोळक्याने बसलेली. गाईच्या कातडीत बारीक आणि दाट. म्हशीची मोठी आणि एकमेकांपासून दूर दूर, दाणाही जाड. व्यापारी "बकरीचं" म्हणतो आणि फोटोत सगळीकडे सारख्या अंतरावर सुटे ठिपके दिसतात, तर तिथेच काहीतरी पाणी मुरतंय असं समजायचं.

तुमच्या फोटो १ मध्ये यातलं काहीच सांगता येत नाही. फ्लॅश समोरून मारलाय, सगळ्या सावल्या धुऊन निघाल्यात.

मेघना_जळगाव
माझा सोफा! चार वर्षांपूर्वी जळगावातच घेतला, दुकानदार छाती ठोकून लेदर म्हणाला होता. आता बसायच्या जागी सगळे पोपडे. कपड्याला चिकटतात, पाहुणे उठले की मागे तपकिरी टिकल्या. आमच्याकडच्या उन्हामुळे झालं का? तेल लावलं तर थांबेल का? फोटो टाकतेय.

रापीवाला
ताई, तेल लावू नका, आणखी चिकट होईल. पोपडा निघालाय त्या जागेचा फोटो तुम्ही टाकलात हे छान केलंत, नव्या वस्तूच्या दहा फोटोंपेक्षा तो जास्त बोलतो. खाली उभे-आडवे धागे दिसतायत, म्हणजे विणलेलं कापड. त्यावर काही ठिकाणी तपकिरी भुगा चिकटलेला आहे. तो जर चामड्याचा भुगा असेल तर हे चामड्याचा चुरा डिंकात मळून कापडावर थापलेलं आहे. नुसता फेस असेल तर साधं पीयू, म्हणजे प्लास्टिकचं नकली चामडं. फोटोवरून या दोघांत मी पैज लावणार नाही. पण अखंड कातडं नाही हे नक्की. अखंड कातड्याच्या पोटात विणलेलं कापड कुठून येणार?

ऊन एकटंच कारण नाही. या थराला उष्णता, घाम आणि दमटपणा तिन्ही मिळून खातात. सोफा कूलरच्या समोर आहे का?

मेघना_जळगाव
अगदी समोर. 😐

भुसावळ_जंक्शन
फोटोबद्दल मी बोलतो, लग्नाचे फोटो काढतो मी. यातले निम्मे पुरावे व्हॉट्सअ‍ॅपनेच खाल्लेत. साधा पाठवला की तो फोटो लहान करून, दाबून पाठवतो, आणि सगळ्यात आधी जातात ते बारीक तपशील, म्हणजे तुमची छिद्रं. उरलेलं मोबाइल स्वतः करतो. कमी उजेडात तो फोटोतला किरकिरा भाग पुसून काढतो आणि मग कडा धारदार करतो. खरं चामडं त्यात गुळगुळीत रेक्झिनसारखं दिसू शकतं आणि रेक्झिनला उगाच "दाणा" येऊ शकतो.

व्यापाऱ्याला असं सांगा. फ्लॅश बंद. पट्टा टेबलावर सपाट. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने मारायची, सूर्य मावळताना शेतातली ढेकळं उठून दिसतात तसा उजेड हवा. मोबाइल फार जवळ न्यायचा नाही, थोडा वर धरून दोनपट झूम. शेजारी मोजपट्टी. आणि फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचा.

रापीवाला
+१. त्यात माझे दोन फोटो वाढवा. एक, पूर्ण पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तुकड्यांत चालेल. दोन, कापलेली कड. पण विकायच्या पट्ट्याची कड नको, तिच्यावर रंग चढवून घोटलेलं असतं, खाली काय आहे ते झाकलं जातं. एक पट्टा वाया घालवायला सांगा. टोकाशी ताजी कात मारायची, तीही सरळ नाही, तिरपी. नवीन ब्लेडने, कलमाला फांदी छाटतो तशी. पट्टा साडेतीन मिलिमीटर जाड असेल तर तिरप्या कातीत तोच थर १४ मिलिमीटर रुंद पसरून दिसतो. मग मोबाइललाही आतलं सगळं वाचता येतं. बोथट ब्लेडने कापलं तर तंतू चेपले जातात आणि सगळं प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं, म्हणून नवीनच ब्लेड.

कापायला नाही म्हणाला तर भोकांच्या आतला फोटो मागा. भोकाच्या आतल्या कडेला सहसा कुणी रंग लावत बसत नाही.

शहादेकर
मना बी असाच प्रश्न शे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यासाठी लगाम आणि खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा घेतला. विकणारा म्हणाला म्हशीचं चामडं. लगाम नायलॉनचा आहे ते मला माहीत आहे, त्याचं काही नाही. तंगाचा पट्टा खरा आहे का? घोडा उधळला आणि पट्टा तुटला तर मी खाली. दोन फोटो टाकलेत, एक वरून, एक टोकाची कापलेली कड.

रापीवाला
दादा, तुमचा फोटो बघून बरं वाटलं. पाचकंदील भाऊ, तुम्हीही हा नीट बघा, पुढे तुलनेला लागेल.

वरची बाजू बघा. डाव्या टोकाला छिद्रं एकमेकांपासून दूर दूर आणि गोल आहेत. उजव्या टोकाकडे जाता जाता तीच लांबट होतात आणि मध्ये बारीक सुरकुत्या पडतात. म्हणजे पट्टा कापताना तो पाठीकडून पोटाकडे गेलाय. मध्ये एक फिकट रेघ आहे, ती जनावराला जिवंतपणी झालेली जखम, काटा किंवा तार लागली असेल. तिच्यावर छिद्रंच नाहीत, कारण व्रणावर केस उगवत नाहीत.

आता कड. वरचा थोडा भाग दाट, तिथे तंतू वेगळे दिसतच नाहीत. खाली उतरावं तसे तंतू जाड आणि मोकळे होत जातात, एकमेकांत गुंतलेले, कुठल्याही दिशेला जाणारे. दाट संपून मोकळं कुठे सुरू झालं तिथे बोट ठेवता येत नाही, रेघ नाही. हेच अखंड कातडं. मधोमध निळसर-राखाडी झाक आहे, ती क्रोमने कमावल्याची, रंग आतपर्यंत पोचला नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण चामडं खरं आहे म्हणजे पट्टा तुटणार नाही असं नाही. पोटाकडचा भाग ताणतो. आणि टोकाची शिलाई एकेरी आहे, ती आधी दुहेरी करून घ्या. तंग फोटोवर सोडू नका, हाताने ओढून बघा.

शहादेकर
शिलाई उद्याच. धन्यवाद काका.

पाचकंदील_धुळे
मंडळी, व्यापारी कुरकुरला, पण फोटो आले. नवीन सहा, फोटो ५ ते १०. बाजूचा उजेड, डॉक्युमेंट म्हणून, आणि एका पट्ट्याचं टोक तिरपं कापून दिलं. मोजपट्टी मात्र ठेवली नाही.

भुसावळ_जंक्शन
मोजपट्टी नाही तर टाके मोजा. मशीनचा टाका सगळीकडे सारखा असतो. फोटो तिरका असला तरी टाक्यांची संख्या बदलत नाही.

मी फोटो ६ ते ८ जोडून बघितले. भोकांपासून थोडं पुढे इंग्रजी वाय अक्षरासारखी एक सुरकुती आहे, तिच्या उजव्या फाट्याला छोटा डाग. तशीच सुरकुती, तसाच डाग, पुढे पुन्हा आहे. मग पुन्हा. आणि चौथ्यांदा बक्कलजवळ. मधले टाके मोजले, ८६, ८६, ८५. शेवटच्या वेळी मीच एक चुकलो असेन. दोन भोकांमध्ये ७ टाके आहेत. भोकं नेहमीच्या अडीच सेंटिमीटरवर असतील तर दर ३१ सेंटिमीटरला तीच सुरकुती येतेय.

केळीवाला_रावेर
झालं तर मग! रोलरचा छाप. रेक्झिन शे, सोडून दे भाऊ. मीच आधी घे म्हटलं होतं, माफ कर.

रापीवाला
काका, पुन्हा अर्धी पायरी आधीच उतरलात. 🙂

तीच सुरकुती पुन्हा येते म्हणजे दाणा दाबून उठवलाय, एवढंच सिद्ध झालं. कशावर दाबलाय ते नाही. खऱ्या कातड्यावर ओरखडे, गोचिडीचे डाग फार असले की वरचा भाग घासून काढतात, रंगाचा थर देतात आणि गरम प्लेटने नवा दाणा उठवतात. तेही चामडंच. त्याच्यावरही छाप परत परत येतो.

उलटी चूकही होते. पाकीट किंवा घड्याळाचा पट्टा एवढा लहान असतो की छाप परत यायला जागाच नसते. छाप परत दिसला नाही म्हणून खरं, असं तिथे म्हणता येत नाही. लहान वस्तूंसाठी एकाच लॉटमधले दोन-तीन नग शेजारी ठेवून फोटो मागावा. दोन वेगळ्या पाकिटांवर एकच सुरकुती सापडली की कळलं.

आता फोटो ९, तिरपी कात. मी तो मोठा करून वरपासून खालपर्यंत वाचतो, तुम्हीही सोबत बघा.

सगळ्यात वर तपकिरी, चकचकीत पातळ पापुद्रा. त्याच्या खाली स्वच्छ रेघ. पेनने ओढल्यासारखी. रेघेखाली राखाडी-पांढरे तंतू, जाडेभरडे, गुंतलेले. शहादेकरांच्या पट्ट्याच्या खालच्या भागात होते तसेच. पण त्यांच्या पट्ट्यात वर जो दाट भाग होता तो इथे नाही. पापुद्रा संपला की थेट जाड तंतू. म्हणजे हे कातडं आडवं चिरून काढलेला खालचा थर आहे, आमच्याकडे त्याला स्प्लिट म्हणतात. त्यावर पीयूचा पापुद्रा चढवून दाणा छापलाय.

त्याच्याखाली पुन्हा एक रेघ, ही डिंकाची. मग तपकिरी, सारख्या रंगाचा थर, सगळ्यात जाड. त्यात लांब तंतू नाहीत. कात जिथे गेली तिथे बारीक कण सुटलेत, शिळी भाकरी कुस्करल्यासारखे. हे भुग्याचं बोर्ड. शेवटी मागचं अस्तर, पातळ, त्यावरच सोनेरी ठसा.

तर पट्टा रेक्झिनचा नाही. त्यात चामडं आहे. पण साडेतीन मिलिमीटरमधलं जेमतेम एक मिलिमीटर.

पाचकंदील_धुळे
म्हणजे "जेन्युइन लेदर" खोटं नाही?

रापीवाला
ठसा अस्तरावर आहे. अस्तर खरं असेल तर ठसा अस्तरापुरता खराच म्हणायचा! वरच्या थराबद्दल तो काहीच बोलत नाही. बुटांवर युरोपात चिन्हं असतात, पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं आणि त्याच आकारात आत पत्त्यातल्या चौकटसारखा चौकोन म्हणजे वर थर चढवलेलं चामडं. तिथे तो थर ०.१५ मिलिमीटरच्या पुढे गेला की साधं चामडं म्हणता येत नाही. आपल्या पट्ट्यावर असला भेद कोण छापतो?

मेघना_जळगाव
मग तो टिकणार किती? माझ्या सोफ्यासारखं होणार का?

रापीवाला
पापुद्रा भोकांपाशी आणि बक्कलच्या दुमडीपाशी आधी फाटेल. फोटो १० मध्ये दुमड दिसतेय बघा. खरं अखंड कातडं दुमडलं की घडीपाशी केसासारख्या बारीक सुरकुत्या पसरतात आणि तिथली छिद्रं ओढली जातात. इथे घडी एकच, रुंद, आणि छापलेला दाणा तिथे सपाट झालाय. किती महिने ते मी सांगणार नाही. रोज वापरणारा आणि लग्नात एकदा घालणारा यांत फरक आहे.

सुत_आणि_धागा
थोडं उशिरा लिहितोय. कडेचे तंतू बघून खरं ठरवायचं यावर फार विसंबू नका. मी अमळनेरचा, आता सुरतेत कृत्रिम चामड्याच्या कापडात काम करतो. चांगल्या मायक्रोफायबरमध्ये विणलेलं कापड नसतंच. केसापेक्षा बारीक कृत्रिम तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. कापलं की कड तंतुमय दिसते, चामड्यासारखीच. फोटो ९ मधला वरचा थर मायक्रोफायबर कशावरून नाही?

रापीवाला
प्रश्न चांगला काढलात. माझा आधार असा की तंतू जाडीला सारखे नाहीत, काही जुडग्यासारखे तर काही एकटे. मायक्रोफायबर मी कापलंय, त्यात वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं असतं, कापसाच्या लादीसारखं.

सुत_आणि_धागा
हाताखाली असेल तर पटतं. पण फोटोत जुडगं आणि चिकटलेले चार तंतू सारखेच दिसतात. मी स्प्लिटच्या बाजूने सत्तर टक्के म्हणेन, त्यापुढे नाही.

रापीवाला
बरं, माझे ऐंशी. 🙂 नमुना आला की वरच्या थरातले दोन तंतू उपटून काकांची काडी लावा. फक्त तंतू, पापुद्रा नको. पापुद्र्यासकट जाळलं तर दोन्ही वास एकत्र येतात आणि प्रत्येकाला हवा तो वास येतो.

केळीवाला_रावेर
अखेर काडी लागलीच!

पाचकंदील_धुळे
नऊ दिवसांनी अपडेट. पैसे पाठवले नव्हते. तीन पट्ट्यांचा नमुना मागवला, काल आला.

तिन्ही पट्ट्यांवर तीच वाय सुरकुती, वेगवेगळ्या जागी पण अंतर तेच. टेपने मोजलं, ३१ ला थोडं कमी. वरच्या थरातले तंतू चिमट्याने काढून जाळले, केसाचा वास आला आणि ठिसूळ राख झाली, वितळून गोळी झाली नाही. म्हणजे सुत भाऊ, तुमचे तीस टक्के गेले.

पण मधल्या थरात गोंधळ आहे. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी फुगला आणि बोटाने थर सुटले. कारागिराला दाखवला तर तो म्हणतो हा चामड्याचा भुगा नाही, पुठ्ठाच आहे, बुटाच्या तळात घालतात तसला.

रापीवाला
चामड्याच्या भुग्याचं बोर्डही डिंक हलका असला तर फुगतं. जाळून बघितलंत?

पाचकंदील_धुळे
बघितलं. मला कागद जळाल्यासारखा वास आला, बायकोला केसांचा. पोरगा म्हणतो दोन्ही.

व्यापाऱ्याला म्हटलं, वर स्प्लिट आहे आणि आत बोर्ड आहे. तो म्हणाला, या भावात दुसरं काय मिळणार, आणि लगेच १९० वर आला. मी २० नग घेतले. दुकानात पाटी लावणार आहे "वर थर दिलेलं चामडं, आत बोर्ड".

केळीवाला_रावेर
असली पाटी वाचून कोण घेईल भाऊ?

पाचकंदील_धुळे
माल आला, पाटी लावली. काल दोन गेले. दोघांनीही पाटी वाचली नाही, बक्कल बघितलं.